शिल्लक 21 लाख, हाताशी 50 हजार

दर एप्रिल-मे महिन्यात जिल्ह्याच्या पानावर एक बातमी ठरलेली असते: अमुक तालुक्यातल्या ग्रामपंचायतींकडे इतके कोटी अखर्चित. बातमीचा सूर असा की पैसे पडून आहेत आणि कामे होत नाहीत, म्हणजे कोणीतरी झोपलेले आहे. त्याच सुमारास ग्रामसभेत एखादा तरुण उठतो आणि विचारतो, "सरपंच, खात्यात 21 लाख शिल्लक दाखवताय, मग वेशीवरचे दिवे दोन महिने बंद का?" सरपंच सांगतात की तो पैसा त्या कामाला वापरता येत नाही. सभेत हशा पिकतो. कोणाचाच विश्वास बसत नाही, आणि त्यात सभेची चूक नाही. सरपंच बहुधा खरेच बोलत असतात, पण ते खरे आहे हे पटवून देईल असा एकही कागद त्यांच्यापुढे नसतो.

अखर्चित रक्कम पुढच्या वर्षात ओढून नेण्याची मुभा ग्रामपंचायतीला आहे, आणि ती असायलाच हवी असे माझे मत आहे. मात्र पुढच्या अंदाजपत्रकात ती रक्कम ‘आरंभीची शिल्लक’ म्हणून एका ओळीत, एका आकड्यात येते. तो आकडा खोटा नसला तरी निरुपयोगी असतो, आणि कधीकधी निरुपयोगीपेक्षा वाईट. आरंभीची शिल्लक निधीनिहाय मांडली गेली पाहिजे. जानेवारीत धरलेला तिचा अंदाज 31 मार्चच्या प्रत्यक्ष आकड्याने बदलला गेला पाहिजे, आणि तो बदल मे महिन्याच्या ग्रामसभेपुढे आला पाहिजे.

आधी मुभेबद्दल. राज्य सरकारच्या खात्यांना विधिमंडळ एका आर्थिक वर्षापुरती मंजुरी देते. 31 मार्चला न खर्चलेली तरतूद व्यपगत होते, म्हणजे रद्द होते, म्हणून ती आधीच सरकारला परत, म्हणजे समर्पित करावी लागते. त्यामुळे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कोषागारात जी झुंबड उडते ती सर्वांच्या परिचयाची आहे. ग्रामपंचायतीचे तसे नाही. जमा झालेला पैसा पंचायतीचाच राहतो आणि 1 एप्रिलला नव्या वर्षात येतो. ‘वर्षात खर्च करा, नाहीतर परत द्या’ असा नियम पंचायतींनाही लावावा, म्हणजे शिस्त येईल, असे म्हणणारे बरेच आहेत. त्यांनी एका साध्या गटाराच्या कामाची वाट पाहावी. वित्त आयोगाचा हप्ता येतो, काम आराखड्यात असावे लागते, त्या कामाच्या अंदाजपत्रकाला तांत्रिक मंजुरी लागते, निविदा निघते, कार्यारंभ आदेश जातो, काम होते, अभियंता मोजमाप पुस्तिकेत नोंद घेतो, आणि मग देयक निघते. हप्ता डिसेंबरात आला तर हे सगळे मार्चपर्यंत प्रामाणिकपणे उरकणे अवघड असते. परत जाण्याच्या भीतीने जे उरकते ते काम नसते, खरेदी असते: एलईडी दिवे, बाके, कचराकुंड्या, पेव्हर ब्लॉक. तेव्हा पैसा पुढे नेऊ देणे योग्यच. पण पुढे नेलेल्या पैशाचे नाव-गाव त्याच्याबरोबर गेले पाहिजे.

ते कसे हरवते हे एका उदाहरणाने पाहू. साडेतीन हजार वस्तीचे एक गाव कल्पू या. आकडे माझे आहेत, पण कोणत्याही ग्रामपंचायत अधिकाऱ्याला, म्हणजे कालपर्यंतच्या ग्रामसेवकाला, ते ओळखीचे वाटतील. 31 मार्च 2025 ची अखेरची शिल्लक 21 लाख 60 हजार. हाच आकडा 2025-26 ची आरंभीची शिल्लक होतो.

आता तो फोडून पाहू. त्यातले 9 लाख 80 हजार पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित अनुदानाचे आहेत. 2021 ते 2026 या काळासाठी आयोगाने ग्रामीण स्थानिक संस्थांच्या अनुदानातला 60 टक्के भाग बंधित ठेवला, निम्मा स्वच्छतेसाठी आणि निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी. वेशीवरचा दिवा त्यात बसत नाही. आणखी 5 लाख 70 हजार अबंधित अनुदानाचे. तिथे पंचायतीला निवड आहे, पण आराखड्यातल्या कामांपुरतीच, आणि पगार किंवा कार्यालयीन खर्च त्यातून भागवता येत नाही. 1 लाख 40 हजार पाणीपुरवठा निधीचे, म्हणजे पाणीपट्टीचे. 1 लाख 10 हजार ठेकेदारांच्या देयकांतून कापून ठेवलेली अनामत. ती तर पंचायतीचीच नाही. कामातल्या दोषाला ठेकेदार जबाबदार असतो ती दोषदायित्वाची मुदत संपली की परत करायची. बँकेत आहे म्हणून शिलकेत दिसते एवढेच.

राहिले 3 लाख 60 हजार. हा गावाचा स्वतःचा पैसा, म्हणजे ग्रामनिधी: घरपट्टी, दिवाबत्ती कर, बाजार फी, गाळ्यांचे भाडे. पण तोही सगळा मोकळा नाही. स्वउत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. वर्षात ते झाले नाहीत तर पुढे अनुशेष म्हणून जातात आणि पुढच्या वर्षीच्या टक्क्यांच्या वर ते वेगळे खर्च करावे लागतात. आपल्या गावात असे 1 लाख 90 हजार थकलेले आहेत. उरले 1 लाख 70 हजार. त्यातून पाणी सोडणारा, शिपाई आणि लिपिक यांचा मार्चचा पगार एप्रिलमध्ये जायचा आहे, महावितरणचे पथदिव्यांचे बिलही आहे, असे 1 लाख 20 हजार. शेवटी सरपंचांच्या हाताशी खरोखर मोकळे राहिले 50 हजार.

म्हणजे ग्रामसभेत विचारलेला प्रश्न रास्त होता आणि दिलेले उत्तरही खरे होते. दोघांच्या मध्ये ही सात-आठ ओळींची फोड नव्हती.

या फोडीतली मला सर्वांत खटकणारी गोष्ट अनुशेषाची. वित्त आयोगाचा पैसा निदान वेगळ्या खात्यात असतो, ऑनलाइन प्रणालीवर दिसतो, आणि त्यावर वरून नजर असते. मागासवर्गीयांचा, महिलांचा किंवा दिव्यांगांचा न खर्चलेला हिस्सा मात्र ग्रामनिधीच्या साधारण खात्यातच मिसळलेला असतो. एकदा तो एकत्रित शिलकेत गेला की पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात पुन्हा फक्त त्या वर्षीच्या उत्पन्नाचे 15 टक्के धरले जातात आणि मागचे पुसले जातात. वस्तीला कळतही नाही की आपले दोन वर्षांचे पैसे गेले कुठे. ते चोरीला गेलेले नसतात, पगारात आणि विजेच्या बिलात विरघळलेले असतात. चार-पाच वर्षांनी लेखापरीक्षक आक्षेप घेतो, तेव्हा अनुशेषाचा आकडा इतका फुगलेला असतो की तो एका वर्षात भरून काढणे शक्य नसते. मग ‘टप्प्याटप्प्याने पूर्तता करण्यात येईल’ असे उत्तर जाते. आरंभीच्या शिलकेत अनुशेषाची स्वतंत्र ओळ असती तर पहिल्याच वर्षी कोणीतरी बोट ठेवले असते.

आता अंदाजाकडे येऊ. हा भाग जास्त गुंतागुंतीचा आहे, आणि बहुतेक गोंधळ इथेच होतो. अंदाजपत्रक नव्या वर्षाच्या आधी तयार करावे लागते. त्याची जुळवाजुळव डिसेंबर-जानेवारीत होते, तेव्हा चालू वर्षाचे तीन-एक महिने बाकी असतात. मार्चअखेर किती उरेल हे तेव्हा कोणालाच नक्की माहीत नसते. म्हणून नमुना 1 मध्ये, म्हणजे अंदाजपत्रकाच्या ठरलेल्या तक्त्यात, आरंभीची शिल्लक म्हणून जो आकडा जातो तो अंदाज असतो. त्याला इलाज नाही आणि त्यात गैरही काही नाही.

आपल्या गावाने जानेवारी 2025 मध्ये अंदाज धरला होता 14 लाखांचा. प्रत्यक्षात निघाले 21 लाख 60 हजार. साडेसात लाखांहून जास्त वाढ! सभेत हे सांगितले तर टाळ्या पडतील आणि सदस्य लगेच नवी कामे सुचवू लागतील. पण ही वाढ आली कुठून? तीन गोष्टी घडल्या. वित्त आयोगाचा 6 लाख 20 हजारांचा हप्ता एप्रिलनंतर येईल असे धरले होते, तो मार्चच्या शेवटच्या आठवड्यातच जमा झाला. गटाराचे 3 लाख 40 हजारांचे देयक मार्चमध्ये जाईल असे धरले होते, पण मोजमाप लांबले आणि ते राहिले. आणि घरपट्टीची वसुली अंदाजापेक्षा 2 लाखांनी कमी झाली. 14 लाख, अधिक 6 लाख 20 हजार, अधिक 3 लाख 40 हजार, वजा 2 लाख. बरोबर 21 लाख 60 हजार.

यातला हप्ता 2025-26 च्या अंदाजपत्रकात जमेच्या बाजूला आधीच धरलेला आहे, कारण जानेवारीत तो पुढच्या वर्षी येणार असे वाटले होते. आता आरंभीची शिल्लक 21 लाख 60 हजार केली आणि जमेतून तो हप्ता काढला नाही, तर तेच 6 लाख 20 हजार दोनदा मोजले गेले. गटाराच्या देयकाचे उलटे आहे. ते मार्चमध्ये जाईल या भरवशावर 2025-26 मध्ये त्याला तरतूदच ठेवलेली नाही. पैसा आहे पण खर्चाचे शीर्ष रिकामे, म्हणजे पुनर्विनियोजन करून तरतूद त्या शीर्षाकडे वळवावी लागणार. नमुना 2 त्याचसाठी आहे. आणि वसुलीतली तूट थेट ग्रामनिधीला लागली. जानेवारीत ग्रामनिधीची शिल्लक 5 लाख 60 हजार धरून पगार, दिवाबत्ती आणि शाळेची दुरुस्ती बेतली होती, हातात आले 3 लाख 60 हजार.

हिशेब असा झाला: शिल्लक 7 लाख 60 हजारांनी वाढली आणि गाव 2 लाखांनी गरीब झाले. हप्ता तोच, फक्त लवकर आला. देयक तेच, फक्त उशिरा जाणार. नवे काही घडले असेल तर ते वसुलीतले नुकसान, आणि एकत्रित आकड्यात नेमके तेच दिसत नाही. थकबाकी पुढच्या वर्षी वसूल होईलच, असे म्हणता येते. पण पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात थकबाकीसह जवळजवळ पूर्ण मागणी जमेला धरायची सवय अनेक ठिकाणी आहे. खर्चाचा मेळ बसवायला याच दोन जागा सोप्या असतात, आरंभीची शिल्लक आणि थकबाकीची वसुली. दोन्हींचा आकडा जरा सैल धरला की अंदाजपत्रक शिलकी होते.

शिलकी अंदाजपत्रकाच्या बातम्या नगरपरिषदांच्याही येतात, आणि तिथेही वाचकाने एकच वजाबाकी करून पाहावी: आरंभीची शिल्लक बाजूला ठेवून फक्त वर्षाची जमा आणि वर्षाचा खर्च. पुष्कळदा शिल्लक नाहीशी होऊन तूट दिसते. ती तूट वाईटच असे नाही. मागच्या वर्षी आलेल्या अनुदानातून यंदा टाकी बांधली तर तूट दिसणारच. पण मागच्या शिलकेतून यंदाचे पगार होत असतील, तर ते किती वर्षे चालेल हे विचारायला हवे. निधीनिहाय फोड नसेल तर या दोन तुटी एकमेकींपासून वेगळ्या ओळखता येत नाहीत.

कायद्यात यासाठी जागा आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 8 प्रमाणे आर्थिक वर्षाची पहिली ग्रामसभा वर्ष सुरू झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत घ्यायची असते, आणि तिच्यापुढे मागील वर्षाचे हिशेबाचे वार्षिक विवरण, प्रशासन अहवाल, चालू वर्षाचा कामांचा कार्यक्रम आणि शेवटच्या लेखापरीक्षणाची टिपणी ठेवायची असते. म्हणजे 31 मार्चची खरी शिल्लक आणि यंदाची कामे एकाच दिवशी एकाच सभेपुढे असतात. जानेवारीतला अंदाज आणि मार्चची वस्तुस्थिती शेजारी-शेजारी ठेवायला याहून योग्य वेळ नाही. पुरवणी किंवा सुधारित अंदाजपत्रक करता येते. ते मे-जूनमध्येच करावे. प्रत्यक्षात ते पुढच्या जानेवारीत, नव्या अंदाजपत्रकाबरोबर, ‘सुधारित अंदाज’ या रकान्यात उरकले जाते. तोवर नऊ महिने गाव चुकीच्या आकड्यावर चाललेले असते.

पंचायतीत जाऊन एवढे तपासता येते: गेल्या वर्षाच्या नमुना 3 मधली, म्हणजे जमा-खर्चाच्या विवरणातली अखेरची शिल्लक, आणि यंदाच्या सामान्य रोकडवहीत, नमुना 5 मध्ये, 1 एप्रिलला घेतलेली शिल्लक. या दोन्ही रुपया-पैशासह जुळल्या पाहिजेत. इथे ‘साधारण’ चालत नाही. न जुळल्यास कारण बहुतेक वेळा बँकेचे असते. रोकडवहीत 21 लाख 60 हजार आणि पासबुकांची बेरीज 22 लाख 45 हजार, असे दिसू शकते. मार्चच्या शेवटी दिलेले 85 हजारांचे धनादेश वटायचे राहिले असतील, किंवा ऑनलाइन आदेश निघून बँकेने ते 2 एप्रिलला वटवले असतील. ताळमेळ पत्रकात हा फरक लिहिलेला असतो. कोणी पासबुक पाहूनच आरंभीची शिल्लक भरली, तर दिलेले 85 हजार पुन्हा खर्चाला उपलब्ध दिसतात आणि जुलैत कुठल्यातरी खात्यात पैसे कमी पडतात.

दुसरे कारण विसरलेली खाती. प्रत्येक योजनेला वेगळे खाते उघडायचा काळ होता. तेराव्या वित्त आयोगाचे, तंटामुक्तीच्या बक्षिसाचे, पर्यावरण संतुलित समृद्ध ग्राम योजनेचे, अशी खाती आणि त्यांत काही हजार, कधी लाखभर. ग्रामसेवक बदलून गेले, पासबुके कपाटात राहिली, आणि एखाद्या वर्षी आरंभीच्या शिलकेत ती रक्कम घ्यायची राहून गेली की पुढे कायमची राहते, कारण पुढच्या वर्षाचा लिपिक मागच्या वर्षाची अखेर पाहून लिहितो. दहा वर्षे व्यवहार नसलेल्या खात्यातली रक्कम बँक रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत वर्ग करते. मागणी केली तर ती परत मिळते, पण मागणार कोण, जर कागदावर ती आपली म्हणून कुठे नसेलच?

यावर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांचा आक्षेप मला ठाऊक आहे. लेखासंहितेचे 33 नमुने, त्यावर ऑनलाइन नोंदी, त्यावर दर आठवड्याला वरून मागितलेली माहिती, आणि एकेकाकडे दोन-दोन गावे. त्यात आणखी एक तक्ता कशाला? आक्षेप खरा आहे. पण हा तक्ता नव्या माहितीचा नाही. वित्त आयोगाचे आकडे प्रणालीत असतात, अनामतीची नोंदवही असते, आणि 15 टक्क्यांचा हिशेब लेखापरीक्षणासाठी कधीतरी करावाच लागतो. तो मार्चअखेर केला तर अर्ध्या दिवसाचे काम आहे. चार वर्षांनी आक्षेपाला उत्तर देताना केला तर आठवडा जातो. नमुना 1 मधली एक ओळ आठ ओळींची करणे ग्रामविकास विभागाला एका परिपत्रकाने जमण्यासारखे आहे. मी असतो तर त्यात रकमेच्या वयाचाही एक रकाना ठेवला असता: ही शिल्लक कोणत्या वर्षाच्या जमेची. मार्चमध्ये आलेल्या हप्त्याची शिल्लक आणि तीन वर्षांपूर्वीच्या अनुदानाची शिल्लक यांना एकाच बातमीत ‘अखर्चित’ म्हणणे अन्यायाचे आहे. पहिलीला स्पष्टीकरण लागत नाही. दुसरीला लागते: जागेचा वाद आहे का, निविदेला प्रतिसाद नाही का, की काम कोणाच्या आळीत व्हावे यावर गावात एकमत नाही?

अखेरच्या शिलकेबाबत एक उलटा मुद्दा राहतो. ग्रामनिधीत वर्षाअखेर काहीच उरू नये, सगळा पैसा कामाला लागलेला असावा, असे मानणारे सदस्य भेटतात. त्यांनी वसुलीचे महिने पाहावेत. घरपट्टीचा मोठा भाग जानेवारी ते मार्चमध्ये येतो. एप्रिलपासून पावसाळा संपेपर्यंत आवक रोडावते, शेतकऱ्याच्या हातात पैसा नसतो. पगार आणि वीजबिल मात्र दर महिन्याला असते. आपल्या गावाचा हा खर्च महिन्याला 1 लाख 20 हजार धरला, तर पहिल्या तिमाहीसाठी मार्चअखेर ग्रामनिधीत साडेतीन लाखांहून जास्त मोकळी शिल्लक हवी. आहे 50 हजार. पथदिव्यांचे बिल थकले की ते पाणीपट्टीच्या निधीतून उसने काढून भागवले जाईल, ती उसनवारी परत फिरणार नाही, आणि पुढच्या 31 मार्चला पाणीपुरवठा निधीची शिल्लक 1 लाख 40 हजारांऐवजी 20 हजार दिसेल. एकत्रित आकडा तेव्हाही वीस लाखांच्या आसपासच असेल.